डॉलर तिथलेच ठेवा, मैल मात्र बदला

आजचा भाग एका चुकीपासून सुरू करतो, आणि चूक माझी आहे.

झालं असं, की कॉलेजपासूनचा माझा एक मित्र डबिंगची छोटी कामं घेतो. नाशिकमध्येच, घरातल्या एका खोलीला गाद्या आणि फोम लावून त्याने रेकॉर्डिंगची सोय केलीय. त्याच्याकडे एक अमेरिकन डॉक्युमेंटरी मराठीत करायला आली. विषय होता कोलोरॅडो राज्यातल्या बिग थॉम्प्सन नदीला १९७६ साली आलेला पूर. स्क्रिप्टमध्ये जिकडेतिकडे आकडे. फूट, मैल, फॅरनहाइट, डॉलर, तारखा. तो म्हणाला, "तू इंजिनिअर आहेस ना, हे आकडे जरा बदलून दे." मी म्हटलं, यात काय, दहा मिनिटांचं काम. पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला, स्क्रिप्ट त्यातून काढली आणि पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंगला मी पण गेलो. आवाज द्यायला एक काका येतात, निवृत्त शिक्षक, हौशी नाटकात बरीच वर्षं काम केलेले. ते छान वाचत होते आणि मधेच थांबले. चष्मा कपाळावर नेऊन म्हणाले, "अरे बाळा, वादळ आलं आणि तापमान उणे बारा पूर्णांक अठ्ठ्याहत्तर अंशांनी खाली आलं, असं लिहिलंयस. उणे बारा अंशांनी खाली म्हणजे वर गेलं ना?"

मूळ वाक्य होतं, तापमान नऊ अंशांनी घसरलं. माझ्या प्रोग्रामने काय केलं बघा:

```python
def f_to_c(f):
    return (f - 32) * 5 / 9

f_to_c(9)   # -12.78
```

सूत्र बरोबर आहे. फॅरनहाइटचं सेल्सिअस करताना आधी ३२ वजा करायचे, मग ५ ने गुणून ९ ने भागायचं. पण ते ३२ कशासाठी वजा करतो? कारण पाणी गोठतं तो बिंदू एका मापात ० वर आहे आणि दुसऱ्यात ३२ वर. म्हणजे दोन्ही पट्ट्यांची सुरुवात वेगळी आहे. "तापमान ९ अंश होतं" असं म्हटलं तर पट्टीवरची जागा सांगतोय, तिथे ३२ वजा करायलाच हवेत. "९ अंशांनी घसरलं" म्हटलं की दोन जागांमधलं अंतर सांगतोय. अंतराला सुरुवात कुठे आहे याच्याशी देणंघेणं नसतं. तिथे नुसतं ९ गुणिले ५ भागिले ९, म्हणजे ५ अंश. काकांनी ते वाक्य "पारा पाच अंशांनी उतरला" असं वाचलं आणि पुढे गेले. मी मात्र तिथेच अडकलो. कारण हा प्रकार प्रोग्रामला कळायचा असेल तर त्याला "ने" आणि "ला" यातला फरक कळायला हवा, आणि माझा प्रोग्राम फक्त आकड्यापुढचा "degrees" शब्द शोधत होता.

त्या रात्री मी पूर्ण स्क्रिप्ट हाताने परत केली. त्यातून जे समजलं ते आज सांगतो. आपण सगळेच मोबाइलवर डब केलेल्या मालिका बघतो, आणि "काहीतरी विचित्र बोलला हा" असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा घोटाळा आकड्यात असतो.

सुरुवात पैशांपासून करू. आयात केलेल्या स्क्रिप्टचं भारतातलं सगळ्यात गाजलेलं रूपांतर आपण सगळ्यांनी पाहिलंय, कौन बनेगा करोडपती. मूळ कार्यक्रम ब्रिटनचा, 'हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर', १९९८ साली सुरू झाला. पंधरा प्रश्न आणि शेवटी दहा लाख पौंड. आपल्याकडे ३ जुलै २००० ला तो स्टार प्लसवर आला. त्या वर्षी एक पौंड म्हणजे साधारण ६५ ते ७० रुपये. सरळ हिशोब लावला तर दहा लाख पौंडांचे साडेसहा-सात कोटी होतात. "कौन बनेगा साडेसहा करोडपती" असं नाव डोळ्यांसमोर आणून बघा.

त्यांनी विनिमय दराला हातच लावला नाही. ब्रिटनमधल्या बक्षिसांची शिडी अशी होती: १००, २००, ३००, ५००, १,००० पौंड, मग २,०००, ४,०००, ८,०००, १६,०००, ३२,०००, ६४,०००, पुढे १,२५,०००, अडीच लाख, पाच लाख आणि दहा लाख. आता केबीसीची पहिल्या पर्वातली शिडी आठवा. १,००० रुपये, २,०००, ३,०००, ५,०००, १०,०००, तिथून दुप्पट होत होत ३,२०,००० आणि ६,४०,०००, पुढे साडेबारा लाख, २५ लाख, ५० लाख, एक कोटी. प्रत्येक आकड्याला फक्त एक शून्य जोडलंय. पौंडाचा भाव जणू दहा रुपये.

याचा पुरावा शिडीतच सापडतो. दुप्पट करत गेलात तर ६,४०,००० नंतर १२,८०,००० यायला हवेत. पण तिथे १२,५०,००० आहेत. का? कारण ब्रिटनमध्ये पण ६४,००० नंतर १,२८,००० न ठेवता १,२५,००० ठेवले होते, म्हणजे पुढे अडीच लाख, पाच लाख, दहा लाख असे गोल आकडे मिळतात. तो वाकडा दुप्पटपणा शून्यासकट आपल्याकडे आलाय. लहानपणी टीव्हीसमोर बसून मी हे शंभरदा पाहिलं असेल, पण लक्षात आलं ते ही स्क्रिप्ट हाताळल्यावर.

त्या शिडीतल्या आकड्यांचं काम होतं गोल असणं, पटकन कळणं आणि पायरीपायरीने धडधड वाढवणं. शेवटचा आकडा असा हवा होता, की त्याचं नाव घेतलं की माणसाची ओळख बदलते. इंग्रजीत तो शब्द मिलियनेअर, आपल्याकडे करोडपती. त्यामुळे किंमत सोडून दिली आणि आकड्याचं काम सांभाळलं. (मराठीत आपण कोटी म्हणतो आणि अशा माणसाला कोट्यधीश म्हणतो. तरी २०१३ ला मराठी कार्यक्रम आला तो 'कोण होईल मराठी करोडपती' या नावाने. तोपर्यंत करोडपती हा शब्द श्रीमंतीपेक्षा त्या खुर्चीचा झाला होता.)

मग आमच्या डॉक्युमेंटरीत पण डॉलरचे रुपये करायचे का? तिथे वाक्य होतं की पुरात साडेतीन कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. इंग्रजीत ३५ मिलियन. मित्राचं म्हणणं, "प्रेक्षकाला रुपयातच कळतं, रुपये कर." मी आधी केले पण होते, आजच्या भावाने. डॉलर ८०च्या वर धरला तर २८० कोटींच्या पुढे जातो आकडा. पण नुकसान १९७६ चं आहे. तेव्हा डॉलर ९ रुपयांच्या आसपास होता. त्या भावाने साडेएकतीस कोटी होतात. एकाच नुकसानीचे दोन आकडे, आणि दोन्हींत नऊ-दहा पटींचा फरक. पहिला चुकीचा, कारण जुन्या डॉलरला आजचा भाव लावला. दुसरा हिशोबाने बरोबर, पण ऐकणाऱ्याला आजचे साडेएकतीस कोटी वाटतात, म्हणजे नाशिकमधल्या एखाद्या मोठ्या बिल्डिंग प्रोजेक्टएवढे. १९७६ च्या रुपयात काय काय यायचं, हे त्या अर्ध्या सेकंदात कुणी मनात मोजत नाही.

शेवटी आम्ही "साडेतीन कोटी डॉलर" ठेवलं. मिलियन बदललं, डॉलर बदलला नाही. कारण केबीसीमध्ये खेळच भारतात आणला होता. खुर्चीवर बसलेला माणूस इथला, त्याला चेक इथल्या बँकेत भरायचाय. आमच्या डॉक्युमेंटरीतला माणूस कोलोरॅडोतच उभा आहे, फक्त मराठी बोलतोय. त्याच्या खिशात रुपये नाहीत. चलन हे गोष्ट जिथे घडते त्या जागेचं असतं. पण लाख-कोटी ही आपली मोजण्याची भाषा आहे, आणि भाषा तर आपण बदललीच आहे.

हाच फरक पुढे सगळीकडे उपयोगी पडला. मैल, फॅरनहाइट, इंच हे जागेचे की भाषेचे? माझ्या मते भाषेचे. कोलोरॅडोतला माणूस मराठीत "पंचवीस मैलांची दरी" म्हणाला काय किंवा "चाळीस किलोमीटरची दरी" म्हणाला काय, दरी तीच राहते. म्हणून ही मापं बदलायची. एक अपवाद मात्र पक्का आहे. पडद्यावर दिसत असेल ते बदलायचं नाही. आमच्याकडे एका शॉटमध्ये रस्त्यावरची पाटी होती, SPEED LIMIT 35. माझ्या प्रोग्रामने निवेदनात "छप्पन्न किलोमीटर" केलं होतं. पाटीवर ३५ दिसतंय आणि आवाज ५६ म्हणतोय. बघणारा गोंधळतो, आणि पुढची दोन वाक्यं त्याच्या कानावरून जातात. तिथे "पस्तीस मैलांची मर्यादा" ठेवलं.

आता माझी दुसरी मोठी चूक सांगतो. मी गृहीत धरलं होतं की भारतासाठी बदलायचं म्हणजे सगळं मेट्रिक करायचं. शाळेत तेच शिकलो. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले, पुढे शेर-मण जाऊन किलो आले. कागदावर देश मेट्रिक आहे. तोंडात नाही.

बघा ना, हवामान आपण सेल्सिअसमध्ये बोलतो, "आज चाळीस डिग्री आहे." आणि ताप? "एकशे दोन ताप आहे." तो फॅरनहाइट. म्हणजे अमेरिकन मालिकेत आई मुलाचं कपाळ बघून १०२ म्हणाली तर त्याला हात लावायचा नाही. उलट जर्मन किंवा कोरियन मालिकेत ३९ म्हणाली तर त्याचं एकशे दोन करायचं, नाहीतर आपला प्रेक्षक म्हणेल, एकोणचाळीस ताप म्हणजे पोरगं थंड पडलं की काय. उंची आपण फूट-इंचात सांगतो, वजन किलोत. घर स्क्वेअर फुटात, म्हणून युरोपातल्या ८० चौरस मीटरच्या घराचं मराठीत "साडेआठशे स्क्वेअर फूट" होतं. शेत एकरात आणि गुंठ्यात. म्हणजे कोणतं माप कोणत्या गोष्टीला, हे यादी करूनच ठरवावं लागतं.

आमच्या डॉक्युमेंटरीत हे सगळ्यात जास्त जाणवलं ते पाण्याच्या बाबतीत. मूळ वाक्य होतं की दरीच्या तोंडाशी नदीचा प्रवाह सेकंदाला ३१,२०० घनफुटांवर पोचला. माझ्या आज्ञाधारक प्रोग्रामने त्याचं केलं "८८३ घनमीटर प्रति सेकंद". गणित अचूक. काकांनी वाचलं, मित्राने ऐकलं, कुणाच्याच चेहऱ्यावर काही नाही.

मग काकाच म्हणाले, "घनफूट सेकंदाला म्हणजे आपला क्युसेकच ना?"

हो की! पावसाळ्यात नाशिकमध्ये बातमी काय असते? गंगापूर धरणातून इतक्या क्युसेकने विसर्ग. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण सव्वाअठ्ठावीस लिटर. जुलै-ऑगस्टमध्ये इथलं शाळकरी पोर पण क्युसेक बोलतं. अमेरिकन स्क्रिप्टमधला आकडा आधीच आमच्या भाषेत होता, आणि मी तो मेट्रिक करून परका केला होता. तिथे आता "एकतीस हजार क्युसेक" आहे. दोनशे गाळले, कारण निवेदनात त्या दोनशेंनी काही फरक पडत नव्हता.

पुराची उंची पण तशीच. स्क्रिप्टमध्ये पाण्याची वीस फुटांची भिंत होती, प्रोग्रामने ६.१ मीटर केलं. पण महाराष्ट्रात पूर फुटात मोजतात. कोल्हापूरला पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर धोका, हे तिथल्या माणसाला पाठ असतं. नाशिकमध्ये तर आम्ही फूट पण वापरत नाही. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, गळ्यापर्यंत आलं, असं मोजतो. मित्राला मोह झाला होता, मारुतीचा उल्लेख घालू या म्हणून. मी नको म्हटलं. डॉक्युमेंटरी नागपूरला पण बघणार आहेत, आणि कोलोरॅडोतल्या माणसाच्या तोंडी दुतोंड्या मारुती कसा येईल? ती जागेची गोष्ट झाली. "वीस फूट, म्हणजे दुमजली घराएवढी" यावर थांबलो.

पाऊस मात्र बदलावा लागला. तिथे चार तासांत बारा इंच. आपल्याकडे पाऊस मिलिमीटरमध्ये सांगतात. बारा इंच म्हणजे ३०४.८ मिमी, आम्ही "तीनशे मिलिमीटर" म्हटलं. आपलं हवामान खातं २४ तासांत २०४.५ मिमी किंवा जास्त पडला तर त्याला सगळ्यात वरच्या वर्गात टाकतं. म्हणजे तिथे चार तासांत त्याच्या दीडपट पडला. ही तुलना निवेदनात घातली नाही, पण बारा इंच ऐकून जे वाटलं नव्हतं ते तीनशे मिलिमीटर ऐकून मला वाटलं.

पाण्याचं एक माप असं निघालं ज्याला आपल्याकडे नावच नाही, एकर-फूट. एक एकर जमिनीवर एक फूट पाणी उभं केलं तर जेवढं होईल तेवढं. अमेरिकेत धरणांचा साठा असा मोजतात. एका मोठ्या जलाशयाबद्दल पाच लाख एकर-फूट असं होतं. आपण साठा टीएमसीमध्ये मोजतो, म्हणजे अब्ज घनफुटात. एका एकरात ४३,५६० चौरस फूट. तेवढ्याने पाच लाखांना गुणलं की जवळपास २२ अब्ज घनफूट होतात, म्हणून "बावीस टीएमसी". गंगापूर धरण साडेपाच टीएमसीच्या आसपास आहे, त्याच्या चौपट धरा. इथे आकडा बदलला नसता तर ऐकणाऱ्याच्या हाताला काहीच लागलं नसतं.

आता गोल करण्याबद्दल, कारण मराठीत ही मजा वेगळी आहे. "नदीपासून साधारण दोन मैलांवर" याचं प्रोग्राम "३.२२ किलोमीटर" करतो. मूळ माणूस अंदाजे बोलत होता, त्याला मोजपट्टी देऊन टाकली. आकडा बदलताना त्याचा नेमकेपणा वाढता कामा नये. दोन मैल सैल असेल तर किलोमीटर पण सैलच हवेत. आपल्याकडे सैल आकड्यांचं भांडार आहे. तीनेक किलोमीटर. दोन-तीन. पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन. हे आपले तयार थांबे आहेत. अर्धा मैल म्हणजे ८०० मीटर, बोलताना "पाऊण किलोमीटर". दीड मैल म्हणजे २.४, बोलताना "अडीच किलोमीटर". काकांना "दोन पूर्णांक चार" वाचायला दिलं की ओठ मागे पडायचे, "अडीच" दिलं की बोलणाऱ्याच्या ओठांशी जुळायचं.

उलट, आकडा खरोखर मोजलेला असेल तर गोल करायचा नाही. पुरात १४४ माणसं गेली. ते "दीडेकशे" होत नाही.

आणि काही आकडे आकडेच नसतात. एक बाई मुलाखतीत म्हणते, मी त्याला दहा लाख वेळा सांगितलं की नदीकाठी तंबू लावू नकोस. प्रोग्रामने मिलियनचं इमानदारीत दहा लाख केलं होतं. मराठीत आपण म्हणतो, छप्पन्न वेळा सांगितलं. तिथे छप्पन्न आलं आणि ती बाई एकदम आपल्या शेजारची वाटायला लागली.

तारखांची भानगड सगळ्यात वाईट, कारण ती चूक दिसत नाही. चुकीचं तापमान कानाला खटकतं, चुकीची तारीख गुपचूप बसून राहते. पूर आला ३१ जुलै १९७६ ला, शनिवारी संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, कोलोरॅडो राज्याला शंभर वर्षं पूर्ण होणार होती. त्यामुळे डोंगरात सहलीला आलेल्यांची गर्दी होती. स्क्रिप्टमध्ये पहिली तारीख 7/31/76 अशी होती. ३१ वा महिना नसतो, त्यामुळे सगळ्यांना कळलं की आधी महिना आहे. पण पुढच्याच पानावर 8/1/76 होतं, आणि मित्राच्या भाषांतरात ते झालं ८ जानेवारी. पूर जुलैत, बचावकार्य आधीच्या जानेवारीत! कुणाच्याच लक्षात आलं नाही. मला शंका आली ती चित्र बघून. जानेवारीत कोलोरॅडोच्या डोंगरात बर्फ असतो, आणि पडद्यावर लोक हाफ बाह्यांच्या शर्टात फिरत होते.

असं किती तारखांना होऊ शकतं? दिवस १ ते १२ मध्ये असेल तरच घोळ होतो. बारा महिने गुणिले बारा दिवस, १४४ तारखा. त्यातल्या १/१, २/२ अशा बारा दोन्हीकडून सारख्याच. उरल्या १३२. वर्षातल्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त तारखा अशा आहेत की नुसत्या बघून कळणार नाही. म्हणून आम्ही आता स्क्रिप्टमध्ये महिना नेहमी अक्षरात लिहितो. आणि परदेशी फाइल आली की आधी १२ पेक्षा मोठा आकडा असलेली एक तरी तारीख शोधतो. ती सापडली की बाकीच्यांचा क्रम ठरतो.

यातही नावं झालेल्या तारखा सोडून द्यायच्या. ९/११ म्हणजे ११ सप्टेंबर, तिथे महिना आधी. २६/११ मध्ये दिवस आधी. आपण दोन्ही एका दमात बोलतो आणि कुणीच गोंधळत नाही, कारण त्या आता तारखा राहिल्या नाहीत, घटनांची नावं झाल्या. तुमचा प्रोग्राम ९/११ चं "११/९" करायला गेला तर हात धरा त्याचा.

ऋतूचं एक वाक्य तर भलतंच अवघड गेलं. "उन्हाळ्याच्या सुट्टीतला शनिवार होता", आणि तारीख ३१ जुलै. आपल्याकडे जुलैत शाळा सुरू होऊन दीड महिना झालेला असतो आणि बाहेर धो धो पाऊस. ऋतू जागेचा आहे, बदलता येत नाही. मे महिना केला तर इतिहास बदलतो. एक शब्द घालून सुटलं: "तिकडच्या उन्हाळी सुट्ट्या चालू होत्या."

प्रोग्रामचं काय केलं? टाकून नाही दिला. आता तो बदलत नाही, फक्त खुणा करतो. आकडा आणि माप दिसलं की ओळ पिवळी करतो, बाजूला हिशोब मांडतो, आणि "degrees"च्या आधी "by" किंवा मागेपुढे "dropped", "rose" असं काही असेल तर दोन्ही उत्तरं दाखवतो. निर्णय माणसाचा. एक गोष्ट मात्र पूर्ण त्याच्यावर सोडली आहे, सबटायटलमधले स्वल्पविराम आणि देवनागरी अंक. ते जावास्क्रिप्टमध्ये आयतं मिळतं:

```js
new Intl.NumberFormat('mr-IN').format(35000000)
// ३,५०,००,०००
```

शेवटची तपासणी माझ्या आईची. तिला पडदा न दाखवता नुसता आवाज ऐकवतो, आणि मधे थांबवून विचारतो, आत्ता काय ऐकलंस? आकडा तिला परत सांगता आला नाही तर ती ओळ पुन्हा लिहायची. मिलिमीटरचं वाक्य तिने बरोबर सांगितलं. टीएमसीला "मोठं धरण" एवढंच म्हणाली, ते चालण्यासारखं होतं. क्युसेकच्या वाक्याला तिने स्वतःच हात वर करून थांबायला लावलं.

"एकतीस हजार? एवढ्याशा दरीतून?" मग जरा वेळाने, "आणि लोक तिथेच तंबूत होते?"